मुदतीनंतर भरलेल्या फीची पावती आपोआप का आली नाही

१० ऑक्टोबर २०२५ नंतर ज्या पालकांनी क्लासची दुसऱ्या तिमाहीची फी भरली, त्यांना सर्वांत आधी सांगायचे ते हे, की एक प्रकार सोडला तर तुमचे पैसे क्लासच्या खात्यात जमा आहेत. पावती आली नाही म्हणून पैसे बुडाले असे नाही, आणि तुम्ही फी भरलीच नाही असे आम्ही धरून बसलो आहोत असेही नाही. पावतीअभावी कोणत्याही मुलाला वर्गातून उठवलेले नाही आणि उठवणारही नाही. जो एक प्रकार सोडायला हवा, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मला फोनवर विचारले, "सर, आमच्या शेजारच्यांनी नऊ तारखेला फी भरली, त्यांना अर्ध्या मिनिटात पावती आली. मी बारा तारखेला भरली. क्लास तोच, रक्कम तीच, फोनवरचे अ‍ॅपही तेच. मग माझी पावती कुठे अडली?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे" एवढे उत्तर देऊन फोन ठेवणे मला पटत नाही. पैसे कसे येतात, पावती कशी तयार होते आणि मुदत संपल्यावर या दोहोंतला कोणता धागा तुटतो, हे एकदा नीट समजले की पुढची पावती मिळवणे पालकांच्याच हातात येते. यूपीआयवर फी घेणाऱ्या बहुतेक लहानमोठ्या क्लासेसची रचना साधारण अशीच असते, त्यामुळे ज्यांची मुले आमच्याकडे नाहीत त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी मुदतीच्या आत काय होते ते पाहू. महिन्याच्या एक तारखेला आमचे फीचे सॉफ्टवेअर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने एक स्वतंत्र मागणी तयार करते. त्या मागणीला स्वतःचा क्रमांक असतो. त्या क्रमांकाची लिंक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि लिंक उघडली की पडद्यावर क्यूआर कोड दिसतो. हा कोड फक्त त्या एका मुलाचा, त्या एका तिमाहीचा आणि त्या एका रकमेचा असतो. कोडच्या काळ्यापांढऱ्या चौकटींमध्ये खरे तर एक ओळ लिहिलेली असते. ती साधारण अशी :

```
upi://pay?pa=class@bank&pn=CLASS&am=7200.00&tr=Q2S0147&cu=INR
```

यात `pa` म्हणजे पैसे कुठे जायचे तो पत्ता, `am` म्हणजे रक्कम आणि `tr` म्हणजे मागणीचा क्रमांक. सगळी किमया या `tr` मध्ये आहे. तुम्ही पिन टाकता, तुमची बँक पैसे वजा करते, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निरोप पुढे जातो, समोरची बँक पैसे जमा करते, आणि या सगळ्या प्रवासात तो क्रमांक पैशाला चिकटून राहतो. आमच्या बाजूला पैसे गोळा करणारी जी पेमेंट कंपनी आहे, ती पैसे मिळताच आमच्या सॉफ्टवेअरला कळवते, की `Q2S0147` या मागणीचे ७,२०० रुपये आले. सॉफ्टवेअर आपल्या यादीत तो क्रमांक शोधते, त्यापुढचे मुलाचे नाव घेते, रक्कम मागणीइतकीच आहे ना ते तपासते, पावतीला पुढचा क्रमांक देते आणि पीडीएफ पाठवते. मध्ये कुणी माणूस नसतो, म्हणून अर्ध्या मिनिटात काम होते.

ही लिंक १० तारखेच्या रात्री १२ वाजता बंद होते. ती बंद करण्यामागे कारण आहे. मुदतीनंतर विलंब शुल्क लागते, म्हणजे देय रक्कम बदलते, आणि जुन्या लिंकमध्ये जुनीच रक्कम कोरलेली असते. ती उघडी ठेवली तर २५ तारखेला भरणाऱ्याकडूनही आधीचीच रक्कम घेतली जाईल आणि पूर्ण फी भरल्याची पावती निघेल. ज्यांनी ओढाताण करून वेळेत फी भरली, त्यांच्यावर तो अन्याय होईल.

लिंक बंद झाल्यावर पालक काय करतात? बहुतेक जण दोनपैकी एक करतात. काही जण क्लासमध्ये येऊन टेबलावरच्या पाटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करतात. काही जण फोनमधल्या अ‍ॅपमध्ये मागे केव्हातरी क्लासला पैसे पाठवल्याची नोंद शोधतात आणि त्याच नावावर पुन्हा रक्कम टाकतात. दोन्ही मार्गांनी पैसे येतात, आणि लगेच येतात. पण पाटीवरच्या कोडमधली ओळ अशी असते :

```
upi://pay?pa=class@bank&pn=CLASS&cu=INR
```

यात रक्कम नाही आणि मागणीचा क्रमांकही नाही. हा कोड सगळ्यांसाठी एकच आहे आणि पाटी छापली तेव्हापासून तोच आहे. पूर्वी मनीऑर्डरच्या फॉर्मखाली संदेशासाठी जागा असे, आणि ती कोरी सोडली तर पैसे घरी पोहोचत, पण ते कशासाठी आले हे घरच्यांना अंदाजानेच ओळखावे लागे. पाटीवरच्या कोडचे तसेच आहे. शिवाय हे पैसे पेमेंट कंपनीमार्फत न येता थेट बँकेच्या खात्यात पडतात. त्यामुळे सॉफ्टवेअरला कुणी कळवतच नाही. त्याच्या दृष्टीने ती मागणी अजून न भरलेलीच असते.

काही पालकांचे म्हणणे असे, की बँकेच्या खातेउताऱ्यात पाठवणाऱ्याचे नाव तर दिसते, मग त्यावरून ओळखा की. सुरुवातीला मलाही हे सोपे वाटेल असे वाटले होते. प्रत्यक्षात काय होते ते ११ तारखेच्या संध्याकाळवरून सांगतो. त्या दिवशी दुसरा शनिवार होता, बँकेची शाखा बंद होती, पण यूपीआय सुरू असल्याने पैसे येत होते. संध्याकाळच्या तासाभरात खात्यात ७,२०० रुपयांच्या तीन नोंदी पडल्या. आठवी, नववी आणि दहावी या तिन्ही इयत्तांची तिमाही फी ७,२०० रुपयेच आहे, म्हणजे रकमेवरून काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या नोंदीत एका वडिलांचे पूर्ण नाव होते. मुलांच्या यादीत त्यांचे नाव सापडले, पण दोनदा. त्यांचा मुलगा दहावीत आहे आणि मुलगी आठवीत, आणि दोघांचीही फी बाकी होती. हे पैसे कुणाचे, हे उताऱ्यावरून सांगता येत नव्हते. दुसऱ्या नोंदीत माणसाचे नावच नव्हते, एका ट्रेडर्सचे नाव होते. आमच्या यादीत पालकांची नावे आहेत, त्यांच्या दुकानांची नाहीत. तिसऱ्या नोंदीत नुसते पहिले अक्षर आणि पाटील हे आडनाव होते. सांगली जिल्ह्यातल्या क्लासात पाटील आडनावाची मुले किती असतील, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

सोमवारी फोन करून उलगडा झाला. पहिले पैसे मुलीचे होते, मुलाची फी त्याचे आजोबा वेगळी भरणार होते. ट्रेडर्सच्या खात्यातून आलेले पैसे नववीतल्या एका मुलाचे होते, त्याच्या आईचे किराणा दुकान आहे आणि त्यांनी दुकानाच्या खात्यातून रक्कम टाकली होती. तिसऱ्या नोंदीतले पाटील तर आमच्या कोणत्याच विद्यार्थ्याचे पालक नव्हते. एका मुलीच्या वडिलांच्या फोनवर त्या दिवशी पैसे जात नव्हते, म्हणून त्यांनी कामावरच्या सहकाऱ्याला रोख रक्कम देऊन त्याच्या फोनवरून फी भरली होती. मुलीचे आडनाव वेगळेच आहे.

नावावरून अंदाज बांधायला सॉफ्टवेअरला शिकवले असते, तर या तीनपैकी किमान एक पावती चुकीच्या मुलाच्या नावावर गेली असती. पाटील आडनावाच्या कुणा भलत्याच मुलाची फी भरलेली दिसली असती आणि ज्या मुलीच्या वडिलांनी सहकाऱ्याला सांगून वेळ काढून पैसे भरले, तिच्या घरी बाकीचा निरोप गेला असता. एकदा निघालेली पावती खोडून टाकता येत नाही. ती रद्द करून, त्याची नोंद ठेवून, दुसरी काढावी लागते. आमच्या क्लासला जीएसटी लागू आहे, त्यामुळे नुसत्या पावतीचे नव्हे तर त्यामागच्या बिलाचेही पुन्हा सगळे करावे लागते. म्हणून सॉफ्टवेअरला आम्ही एकच नियम घालून दिला आहे. मागणीचा क्रमांक जुळला तर पावती काढायची, नाही जुळला तर थांबायचे. उशिराची पावती परवडते. दुसऱ्याच मुलाच्या नावावर गेलेली पावती निस्तरायला महिना जातो आणि दोन घरांना विनाकारण मनस्ताप होतो.

मग अशा पैशांची पावती निघते कशी? त्यासाठी एक क्रमांक लागतो, आणि तो तुमच्या फोनमध्येच असतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तुमच्या बँकेच्या उताऱ्यात तो असतो आणि आमच्या बँकेच्या उताऱ्यातही तोच असतो. दोन्ही बाजूंना सारखी असलेली ही खात्रीची खूण आहे. तो क्रमांक आणि मुलाचे नाव आम्हाला मिळाले, की उताऱ्यात शोधायला मिनिटभरही लागत नाही, आणि लगेच पावती काढता येते.

इथे एक अडचण येते. वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये या क्रमांकाला वेगवेगळी नावे आहेत. कुठे `UTR` लिहिलेले असते, कुठे `UPI Ref No`, तर कुठे `UPI transaction ID`. त्याच पडद्यावर अ‍ॅपचा स्वतःचाही एक क्रमांक असतो आणि बरेच पालक तोच पाठवतात. तो आमच्या काहीच उपयोगाचा नसतो, कारण तो बँकेपर्यंत जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे. अ‍ॅपच्या क्रमांकात बहुधा इंग्रजी अक्षरे असतात आणि तो लांबलचक असतो. आपल्याला हवा तो क्रमांक नुसत्या आकड्यांचा आणि मोजून बारा आकड्यांचा असतो. त्याच्या सुरुवातीला सहसा तारीखही दडलेली असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. ११ ऑक्टोबर हा २०२५ चा २८४ वा दिवस, म्हणून त्या दिवशीचे क्रमांक ५२८४ ने सुरू झालेले दिसतात. एका पालकांनी पाठवलेला क्रमांक ५१९१ ने सुरू होत होता. १९१ वा दिवस म्हणजे १० जुलै. त्यांनी चुकून पहिल्या तिमाहीच्या व्यवहाराचा क्रमांक पाठवला होता, हे उतारा न उघडताच लक्षात आले.

पालक क्रमांकाऐवजी बहुतेकदा स्क्रीनशॉट पाठवतात. स्क्रीनशॉटमध्ये क्रमांक दिसत असेल तर तो चालतो. पण बऱ्याच वेळा हिरवी बरोबरची खूण आणि रक्कम एवढाच भाग कापून पाठवलेला असतो, आणि त्यावरून आम्हाला काहीच शोधता येत नाही. स्क्रीनशॉट मागून पुन्हा क्रमांकही मागितला की काही जणांना वाटते, आपल्यावर विश्वास नाही. तसे अजिबात नाही. पावती आम्ही चित्रावरून काढू शकत नाही, बँकेच्या उताऱ्यातल्या नोंदीवरून काढतो, आणि त्या नोंदीपर्यंत पोहोचण्याची वाट क्रमांकातूनच जाते.

पैसे पाठवताना मजकुराच्या जागेत मुलाचे नाव लिहिणे चांगलेच, पण त्यावर विसंबून राहू नये. तो मजकूर काही बँकांच्या उताऱ्यात येतो, काहींच्या येत नाही आणि काहींच्या उताऱ्यात अर्धवट कापून येतो.

आता रकमेचा भाग. मुदतीनंतर आमच्याकडे २०० रुपये विलंब शुल्क आहे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ते २३६ रुपये होते. विलंब शुल्कावर कर कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. उशिरा पैसे दिल्याबद्दल जी रक्कम घेतली जाते ती मूळ सेवेच्या किमतीतच मोजायची, असे जीएसटीचा कायदा सांगतो, आणि खासगी शिकवणीवर कर आहे, म्हणून तो तिच्यावरही लागतो. म्हणजे १२ तारखेला देय असलेली रक्कम ७,४३६ रुपये होती. मुदतीनंतर आलेल्या बहुतेक नोंदी मात्र ७,२०० च्याच आहेत, कारण पाटीवरच्या कोडमध्ये रक्कम नसते आणि पालकांच्या डोक्यात जुनीच रक्कम असते. अशा वेळी मागणी पूर्ण झाली असे धरता येत नाही. अशा पालकांना आम्ही ७,२०० रुपये मिळाल्याची पावती देत आहोत आणि त्यावर २३६ रुपये बाकी असे स्पष्ट लिहीत आहोत. ही पावती पुरी वैध आहे. बाकी रक्कम पुढच्या हप्त्याबरोबर दिली तरी चालेल.

आता सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला, त्या प्रकाराकडे येतो. १० तारखेच्या रात्री बारा वाजायच्या आधी काही मिनिटांत लिंक उघडून ज्यांनी पिन टाकला, त्यांच्यापैकी काहींच्या पडद्यावर व्यवहार प्रलंबित असल्याचे आले. खात्यातून पैसे वजा झाले, पण क्लासला मिळाल्याची खूण आली नाही. यूपीआयमध्ये पैसे वजा करणारी बँक वेगळी आणि जमा करणारी वेगळी असते, आणि मधल्या निरोपाला कधी कधी वेळ लागतो. एरवी तो निरोप काही मिनिटांनी येतो आणि पावती निघते. त्या रात्री मात्र निरोप येईपर्यंत बारा वाजून गेले आणि लिंक बंद झाली होती. बंद लिंकवर आलेले पैसे पेमेंट कंपनी क्लासच्या नावावर धरत नाही, ते परत पाठवते. त्यामुळे हे पैसे आमच्याकडे आलेले नाहीत आणि त्यांची पावती आम्हाला देता येणार नाही. त्यांचा परतीचा मार्ग मात्र ठरलेला आहे.

याबाबत रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि व्यापाऱ्याला खात्री मिळाली नाही, तर यूपीआयचे पैसे व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची असते, आणि ती ग्राहकाने न मागताही द्यायची असते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठवल्यावर असे घडले, तर ही मुदत एकाच दिवसाची आहे. पाच दिवसांत पैसे परत आले नाहीत तर प्रथम अ‍ॅपमध्ये, मग आपल्या बँकेत तक्रार करायची. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. या तक्रारीसाठीही तोच बारा आकडी क्रमांक लागतो, म्हणून पैसे परत येईपर्यंत तो व्यवहार फोनमधून पुसू नये.

यातल्या काही पालकांनी घाबरून दुसऱ्या दिवशी पाटीवरच्या कोडवर पुन्हा फी भरली. त्यांच्या खात्यातून दोनदा पैसे गेलेले दिसतात, आणि माझ्या मते काळजी वाटावी असा हाच गट आहे. त्यांना सांगायचे ते असे, की दुसऱ्यांदा भरलेली रक्कम आमच्याकडे आहे आणि तिची पावती मिळेल. पहिली रक्कम तुमच्या बँकेत परत यायची आहे, आणि ती आली की नाही हे अ‍ॅपवर न पाहता पासबुकात किंवा बँकेच्या उताऱ्यात पाहावे. अ‍ॅपवरची नोंद कधी कधी बरेच दिवस प्रलंबितच दिसत राहते, पैसे मात्र परत आलेले असतात. ज्यांनी १० तारखेच्या रात्री बारापूर्वी पिन टाकल्याचे बँकेच्या उताऱ्यावरून दिसते, त्यांना विलंब शुल्क लावणार नाही. त्यांनी त्यांच्या बाजूने वेळ पाळली होती.

पावतीवर तारीख कोणती, हा आणखी एक प्रश्न. बारा तारखेला भरलेल्या फीची पावती दहा तारखेची करून द्या, अशी विनंती काही जणांनी केली. ती मान्य करता येत नाही. पावतीचे क्रमांक ओळीने जातात आणि पैसे खात्यात पडल्याची तारीख बँकेच्या उताऱ्यात असते, ती बदलत नाही. आम्ही हाताने काढलेल्या पावतीवर दोन तारखा लिहितो, एक पैसे मिळाल्याची आणि दुसरी पावती काढल्याची. उशीर आमच्या जुळणीमुळे झाला असेल, तर तोही त्यावर दिसतो आणि पालकांवर येत नाही.

काही पालकांना पावती नोकरीच्या ठिकाणी प्राप्तिकरासाठी हवी असते. शिकवणी शुल्काची जी वजावट मिळते, ती शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठातल्या पूर्णवेळ शिक्षणाच्या फीची. खासगी क्लासची फी तिच्यात बसत नाही, पावती वेळेत मिळाली तरीही नाही. एखाद्या कार्यालयात मुलांच्या शिकवणीचा खर्च भरून देण्याची स्वतःची योजना असेल तर तिथे मात्र आमची पावती चालू शकते. तशी तारीख जवळ आली असेल तर कळवा, तुमची जुळणी आधी करू.

पावती देणे ही आमची जबाबदारी आहे, याबद्दल मला काही वाद घालायचा नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत घेतलेल्या फीची पावती उपलब्ध करून द्यावी असे म्हटले आहे. तसे नसते तरी मी तेच म्हटले असते. पालक पैसे देतात त्या क्षणी त्यांच्या हातात दुसरे काहीच नसते, शिकवणे पुढचे तीन महिने व्हायचे असते. तेव्हा पावती ही त्यांची हक्काची वस्तू आहे, आणि ती मागण्यासाठी पुन्हा पुन्हा फोन करावा लागणे योग्य नाही.

म्हणून तिसऱ्या तिमाहीपासून दोन बदल करतो आहे. मुदत संपली की जुनी लिंक बंद होईल, पण त्याच रात्री फी न भरलेल्या पालकांना नवी लिंक जाईल. तिच्यात विलंब शुल्क धरून रक्कम असेल आणि मागणीचा क्रमांकही असेल, म्हणजे उशिरा भरणाऱ्यांनाही पावती तेवढ्याच वेगाने मिळेल. दुसरे म्हणजे टेबलावरची पाटी काढून टाकणार आहे. क्लासमध्ये येऊन भरणाऱ्यांसाठी कार्यालयातल्या पडद्यावर त्यांच्या मुलाच्या नावाचा कोड दाखवला जाईल. फोनमधल्या जुन्या नोंदीवर जाऊन रक्कम टाकणे मात्र आम्हाला बंद करता येत नाही, कारण ते तुमच्या अ‍ॅपमध्ये घडते. ते टाळणे पालकांच्याच हातात आहे.

ज्यांची या तिमाहीची पावती अजून आलेली नाही, त्यांनी क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाचे पूर्ण नाव आणि इयत्ता, भरल्याची तारीख आणि बारा आकडी क्रमांक एवढे पाठवावे. पैसे दुसऱ्या कुणाच्या खात्यातून भरले असतील, तर त्या व्यक्तीकडून क्रमांक मागून घ्यावा. रोख भरलेल्यांची पावती त्याच वेळी हातात दिलेली आहे, त्यांना काही करायचे नाही. संध्याकाळी पाचपर्यंत आलेल्या क्रमांकांची पावती त्याच रात्री पाठवली जाईल. आणि कोणत्याही पालकांनी, पावती आली नाही एवढ्या कारणाने, तीच फी दुसऱ्यांदा भरू नये.